बाबांना पत्र लिहिलंय (एफडीतले थोडे पैसे फंडात टाका म्हणून), द्यायच्या आधी वाचून सांगा

माटोळी

नमस्कार मंडळी. मी २५ वर्षांची, वेर्ण्याला नोकरी, घर डिचोलीला. बाबा ५७, एका प्रायव्हेट कंपनीत अकाउंट्समध्ये आहेत, अजून तीन वर्षं नोकरी. आयुष्यभराची सगळी बचत एफडीत, एक रुपया इकडचा तिकडे नाही. समोर बसून बोलायला गेलं की दोन मिनिटांत "जेवण गार होतंय" वर विषय संपतो, म्हणून पत्र लिहिलं. चवथीला सगळे घरी असतील तेव्हा देणार आहे. रोखठोक सांगा, काय चुकलंय.

*प्रिय बाबा,*

*मोबाइलवर पाठवलं असतं तर तुम्ही अंगठा दाखवून सोडून दिलं असतं, म्हणून कागदावर लिहितेय. आपल्या ४२ लाखांबद्दल आहे. २४ सरकारी बँकेत आणि १८ अर्बन बँकेत, सगळे तुमच्या एकट्याच्या नावावर. मागच्या वर्षी पावत्यांची फाइल लावताना मी पाहिलं, रागावू नका.*

*तुम्ही म्हणता ६.७५ टक्के मिळतात. पण त्यातून टॅक्स जातो, बँक कापूनच देते. तुमचा २० टक्क्यांचा स्लॅब धरला तर हातात ५.४ टक्के उरतात. आईचा घरखर्च आज महिन्याला ३५,००० आहे. महागाई ६ टक्के धरली तर बारा वर्षांनी हाच खर्च ७०,००० होतो. तेव्हा तुम्ही ६९ वर्षांचे असाल आणि पगार नसेल. व्याज मात्र आज आहे तेवढंच, कदाचित कमीच.*

*म्हणून माझं म्हणणं, अर्बन बँकेतले १५ लाख आत्ताच मोडून पाच चांगल्या डायव्हर्सिफाइड फंडांत टाकूया. १२ टक्क्यांनी बारा वर्षांत त्याचे ५८ लाख होतात. बाकी २७ लाख आहेत तसेच राहू देत, त्याला मी हात लावायला सांगत नाही.*

*२०१२ ला मायनिंग बंद झालं आणि तुमची नोकरी गेली तेव्हा मी लहान होते, पण मला आठवतंय तुम्ही स्टुलावर चढून कपाटावरची फाइल काढायचात आणि एक एक पावती घेऊन बँकेत जायचात. त्या पावत्यांनी घर चाललं हे मला माहीत आहे. म्हणूनच सगळं हलवा असं म्हणत नाही.*

*तुमची,*
*(नाव)*

काजूबी

शेवटचा पॅरा वाचून मीच माझी एफडी मोडायला निघालो होतो, मग आठवलं की माझी एफडीच नाहीये.

फणसाचे_गरे

पत्र छान पण उगाच घाबरवतेस गं बाबांना. एफडी सेफ असते, प्रत्येक पावतीला ५ लाखांचा विमा असतो. मी तर म्हणूनच एकाच बँकेत ५-५ लाखाच्या चार पावत्या केल्यात, चारही सेफ. फंडाला कोण विमा देतो?

भाटकार

मुलीने बापाच्या पैशाला हात का लावावा हेच मला कळत नाही. लग्न ठरलंय का? फ्लॅटसाठी पाहिजेत तर सरळ सांग की. आमच्याकडे पण पुतण्याने असंच गोड बोलून काकांकडून सह्या घेतल्या आणि नंतर पर्वरीला फ्लॅट निघाला.

माटोळी

@भाटकार काका, फ्लॅट नाही, लग्न नाही, पैसे बाबांच्याच नावावर राहणार. पत्र परत एकदा वाचा प्लीज 🙂

जुना_खातेदार

माटोळी बाय, मी ३१ वर्षं बँकेत होतो, त्यातली शेवटची सात ब्रँच मॅनेजर म्हणून. पत्र मनापासून लिहिलंयस, पण बाबा अकाउंट्समधले आहेत हे विसरलीस. दुसऱ्याच पॅऱ्यात ते तुला पकडतील.

तू ५.४ टक्के काढलेस ते जुन्या टॅक्स पद्धतीने. बाबांचा पगार किती ते लिहिलं नाहीस, पण समज वर्षाला पावणेआठ लाख आणि व्याज २ लाख ८३ हजार. मिळून साडेदहाच्या आसपास झाले. त्यातून नोकरदाराचं ७५ हजारांचं स्टँडर्ड डिडक्शन काढ. २०२५-२६ पासून नवीन पद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर रिबेटमुळे टॅक्स शून्य होतो. म्हणजे बाबांना या व्याजावर कदाचित एक पैसाही लागत नाही. बँक कापते तो टीडीएस, रिटर्न भरला की परत येतो. तू टीडीएसलाच टॅक्स समजलीस, काउंटरवर रोज दहा जण तसंच समजायचे.

आणि उलटी बाजू पण बघ. इक्विटी फंड वर्षभरानंतर विकला तर वर्षाला सव्वा लाखापर्यंतचा नफा माफ आहे, त्याच्या वर साडेबारा टक्के. त्या टॅक्सला १२ लाखांवाला रिबेट लागत नाही. म्हणजे तुमच्या घरात आज टॅक्सचा मुद्दा फंडाच्या बाजूचा नाहीच, थोडा एफडीच्याच बाजूचा आहे. तो पॅरा काढून टाक.

महागाईचा पॅरा मात्र ठेव. तोच खरा आहे.

@फणसाचे_गरे, ५ लाख पावतीला नसतात हो. एका माणसाचे एका बँकेतले सगळे पैसे, सगळ्या ब्रँचमधले, सेव्हिंग आणि एफडी, मुद्दल आणि व्याज, सगळं मिळून ५ लाख. आधी १ लाख होते, फेब्रुवारी २०२० पासून ५ झाले. तुमच्या चार पावत्यांतले १५ लाख विम्याच्या बाहेर आहेत.

फणसाचे_गरे

😳 काय सांगता? मला तर बँकेतल्याच माणसाने सांगितलं होतं. आता काय करू? मोडू का?

जुना_खातेदार

घाबरून मोडू नका. मुदत संपेल तशी एक एक पावती दुसऱ्या बँकेत न्या. किंवा मिसेसबरोबर जॉइंट करा. एकट्याच्या नावावरचे वेगळे धरतात आणि जॉइंटचे वेगळे. नावांचा क्रम उलटा केला तर तेही वेगळं धरतात.

काजूबी

म्हणजे बायकोचं नाव आधी लिहिलं की आणखी ५ लाख सेफ. हे आमच्याकडे लग्नापासून चालू आहे.

ट्रकवाला_साखळी

माझं पटणार नाही कोणाला पण लिहितो. तुझा बाबा ऑफिसात होता, मी ट्रकवर होतो. सप्टेंबर २०१२ ला मायनिंग थांबलं तेव्हा माझे दोन ट्रक दारात उभे आणि दोन्हीचे हप्ते चालू. पाऊस संपला की धंदा सुरू होणार म्हणून आम्ही टायर नवीन घालून बसलो होतो आणि धंदा काही सुरू झालाच नाही, नंतर मध्ये थोडं चाललं आणि २०१८ ला परत बंद. त्या दिवसांत सकाळी दहाला पावती घेऊन गेलं की साडेअकराला पैसे हातात, थोडं व्याज कापायचे एवढंच. मार्केट वर आहे की खाली आहे कोणाला विचारावं लागलं नाही. तुझ्या बाबाने हे बघितलंय. तू त्याला १२ टक्के दाखवतेस आणि त्याला दिसतो दारात उभा असलेला ट्रक. फंडातले पैसे नेमके त्याच वर्षी खाली गेलेले असले तर?

फेरीबोट

@ट्रकवाला_साखळी दादा, फंडातले पैसे पण दोन-तीन वर्किंग डेजमध्ये खात्यात येतात, अडकत नाहीत. पण खाली असताना काढावे लागले तर तोटा पक्का, हे तुमचं बरोबर.

माटोळी, मी स्वतः सहा वर्षं एसआयपी करतेय म्हणून सांगते, ते पाच फंड कुठले घेतलेस? नावं इथे नको लिहूस, फक्त प्रत्येकाच्या फॅक्टशीटमध्ये वरचे दहा शेअर बघ.

माटोळी

बघितलं. चार फंडांत वरच्या पाचातल्या चार कंपन्या सेम आहेत 🤦‍♀️ त्याच दोन-तीन बँका, तीच आयटी, तोच पेट्रोलवाला.

फेरीबोट

तेच म्हणतेय. नाव माटोळी घेतलंस पण बांधलेस पाच नारळ. गणपतीच्या डोक्यावर टांगतात त्या माटोळीला कांगलां, घागऱ्यो, तोरिंगां, सुपारीचा घोस सगळं लागतं ना? पाच लार्ज कॅप-फ्लेक्सी कॅप घेणं म्हणजे एकाच माडाचे नारळ पाच दोऱ्यांना बांधणं. पाच पासवर्ड, पाच स्टेटमेंट आणि आत माल एकच. निफ्टीचा एक इंडेक्स फंड घेतलास तरी ५० कंपन्या येतात. नाहीतर एखादा हायब्रिड घे, त्यात शेअर आणि बाँड दोन्ही असतात, खाली जाताना जरा कमी जातो. तुझ्या बाबांसारख्याला मी हायब्रिडच सांगेन.

पोदेर_आला

हायब्रिडला माझा विरोध. बाँडचा भाग बाबांच्या घरात आधीच ढीगभर आहे, २७ लाखांची एफडी म्हणजे बाँडच की. मग फंडात परत बाँड घेऊन त्याची फी कशाला भरायची? साधा इंडेक्स घ्या.

फेरीबोट

कागदावर बरोबर आहे रे. पण माणूस स्क्रीनवर एकच आकडा बघतो. हायब्रिड कमी पडलेला दिसला तर बाबा टिकतील, इंडेक्स ४० टक्के पडलेला दिसला तर दुसऱ्या दिवशी विकतील. मग कमी फीचं काय लोणचं घालायचं?

पोदेर_आला

बघ, मी माझ्या आईला इंडेक्स घेऊन दिलाय आणि ती ॲप उघडतच नाही 😄 पासवर्ड माझ्याकडे.

जुना_खातेदार

तुमचं हे भांडण चवथीपर्यंत संपणार नाही, चालू द्या. मला त्याआधीचा प्रश्न महत्त्वाचा वाटतो, किती टाकायचे? ट्रकवाल्यांनी विचारलं त्याचं उत्तर त्यातच आहे.

माटोळी, ते १२ टक्के आणि ५८ लाख खोडून टाक. अकाउंटंट माणसाला असा आकडा दाखवला की तो पहिलं विचारतो, लिहून कोण देतो? कोणीच देत नाही. त्याऐवजी त्यांना पडझड दाखव, आणि मोठ्यातली मोठी दाखव. जानेवारी २००८ ला सेन्सेक्स २१,००० ला टेकला होता आणि ऑक्टोबरात साडेआठ हजारावर आला. ६० टक्के गेले. परत त्याच जागी यायला २०१० चा शेवट उजाडला.

आता तुझे १५ लाख धर. ६० टक्के गेले म्हणजे ९ लाखांचा खड्डा. उरलेल्या २७ लाखांवर साडेसहा टक्क्यांनी वर्षाला पावणेदोन लाख व्याज. खड्डा भरायला पाच वर्षं. बाबांची नोकरी राहिलीय तीन वर्षं. जमत नाही.

८ लाख धर. ६० टक्के गेले तर ४ लाख ८० हजारांचा खड्डा. उरलेल्या ३४ लाखांवर २ लाख २१ हजार व्याज. सव्वादोन वर्षांत व्याजानेच भरतो, शेअर बाजार एक पैसा वर आला नाही असं धरून. म्हणजे निवृत्तीच्या आत. हा हिशेब बाबा स्वतः कॅल्क्युलेटरवर करून बघतील, आणि स्वतः केलेला हिशेब माणूस मानतो.

अजून एक, आत्ताच मोडूया लिहिलंयस ते नको. समज ती ८ लाखांची पावती तीन वर्षांची, सव्वासात टक्क्याची आणि दोन वर्षं झालीत. मोडली तर बँक दोन वर्षांचा त्या वेळचा दर देते, समज सात, त्यातून एक टक्का दंड. म्हणजे मिळाले सहा. दोन वर्षांत वीस हजारांच्या वर पाणी. मुदत संपू दे. आणि आल्यावरही एकदम टाकायचे नाहीत, महिन्याला ५०,००० करत सोळा महिने घ्या.

वाल_भाजी

मला एक विचारायचं होतं, माझ्या सासूबाईंचं पोस्टात एमआयएस आहे त्यात नॉमिनी सासरे आहेत आणि सासरे आता नाहीत तर काय करायचं?

जुना_खातेदार

नॉमिनी बदलायचा फॉर्म पोस्टातच मिळतो, पासबुक घेऊन सासूबाईंनी स्वतः जावं. आजच जा, उद्या नको.

ट्रकवाला_साखळी

खड्ड्याचा हिशेब आवडला. पहिल्यांदाच कोणीतरी सरळ सांगितलं की पडलं तर किती पडेल. नाहीतर बँकेतला तो टाय घातलेला पोरगा फक्त वर जाणारी रेघ दाखवतो.

पण मी बाप असतो तर मुद्दल तरीही दिलं नसतं. मी काय केलं असतं सांगतो. २४ लाखांवालं जे आहे ना त्याचं व्याज महिन्याच्या महिन्याला काढलं असतं, ते होतील साधारण तेरा हजार. आत्ता पगार चालू आहे म्हणजे ते व्याज खर्चाला लागत नाही, नुसतं परत पावतीत जातं. ते तेरा हजार फंडात टाक म्हणावं. तीन वर्षांत साडेचार लाखांच्या वर गेले. बुडाले तर व्याज बुडालं, मुद्दल फाइलमध्ये. बापाला झोप लागेल.

जुना_खातेदार

ट्रकवाले, तुम्ही काउंटरच्या आतल्या बाजूला हवे होता. अगदी बरोबर. महिन्याला व्याज घेतलं की बँक दर किंचित कमी धरते, त्यामुळे तेराला थोडे कमी येतील, बस. पगार थांबला की एसआयपी पण थांबवायची, मग तेच व्याज घरखर्चाला.

भाटकार

म्हणजे फ्लॅट नाही तर. ठीक आहे. मग मी पण एक सांगतो, नवरा-बायको दोघांची नावं टाका फंडाला आणि नॉमिनी मुलगी. आमच्या काकांचं तेच राहून गेलं होतं.

फेरीबोट

आणि फंडाच्या नावात "डायरेक्ट" शब्द आहे का बघ. नसेल तर मधल्या माणसाचं कमिशन दर वर्षी त्यातून जातं, स्टेटमेंटमध्ये वेगळी ओळ दिसत नाही म्हणून कळत नाही. अर्थात बाबांना हात धरून बसवणारा कोणी लागत असेल तर कमिशन वाया जात नाही, पण इथे तू आहेस.

जुना_खातेदार

एक प्रश्न राहिला. बाबांनी आधी कधी फंडात किंवा युनिटात पैसे टाकले होते का? या वयाचा माणूस नुसत्या भीतीने इतका ठाम नसतो, मागे काहीतरी झालेलं असतं. आईला विचार.

माटोळी

(बारा दिवसांनी)

गणपती पोचले. सगळ्यांना देव बरें करूं. सांगते काय झालं.

आईला विचारलं. काका, तुम्ही बरोबर होता. मी व्हायच्या आधी बाबांनी पन्नास हजार एका मोठ्या युनिट स्कीममध्ये ठेवले होते, ऑफिसातले सगळे ठेवायचे, सरकारी आहे म्हणून. २००१ च्या जुलैत त्या स्कीमने पैसे काढणंच सहा महिने बंद केलं. नेमकी तेव्हा आजी मडगावला हॉस्पिटलात होती. बाबांनी उसने काढले. ही गोष्ट घरात कोणी मला कधी सांगितली नव्हती.

काजूबी

कुठली स्कीम ते पन्नाशीच्या पुढच्या सगळ्यांना कळलं.

माटोळी

मग मी पत्र परत लिहिलं. टॅक्स काढला, ५८ लाख काढले, खड्ड्याचा हिशेब घातला, पाच फंडांचा एक केला. आणि एक ओळ टाकली, की आईने मला २००१ चं सांगितलं, आणि तेव्हा त्या युनिटचा भाव स्कीमवालेच ठरवायचे, आत किती माल आहे ते बाहेर कळायचं नाही. आता फंडाला रोजचा भाव जाहीर करावा लागतो. हे मला @पोदेर_आला ने मेसेज करून समजावलं, थँक्स रे.

चवथीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी दिलं. बाबा पडवीत बसून लाल पेन घेऊन वाचत होते. खरंच लाल पेन! खड्ड्याच्या हिशेबाशी थांबले, आत जाऊन कॅल्क्युलेटर आणला. मग मला हाक मारली आणि म्हणाले, "३४ लाखांवर साडेसहा धरलेस, पण अर्बनच्या उरलेल्या १० लाखांची पावती पुढच्या वर्षी संपते, तेव्हा साडेसहा कोण देणार? रिझर्व्ह बँकेचा रेपो दर जून २०२५ पर्यंतच साडेसहावरून साडेपाचला आला होता. सहा धर." सहाने केलं तर सव्वादोनच्या जागी दोन वर्षं चार महिने. ते त्यांनी मार्जिनमध्ये लिहिलं.

८ लाखांना सरळ नाही म्हणाले. फंडाचं नाव घेतल्यावर पहिला प्रश्न, "यात तुला काय मिळतं?" मी म्हटलं डायरेक्ट आहे, मधल्या कोणालाच काही मिळत नाही. त्यावर पाच मिनिटं गप्प. मग @ट्रकवाला_साखळी दादांचं सांगितलं, व्याज तेवढं टाकायचं म्हणून. त्यावर म्हणाले "तेराही नको, पाच." पाच हजार, सहा महिने, आईचं नाव जॉइंट. हायब्रिड की इंडेक्स ते मी ठरवायचं म्हणे, आणि मी अजून ठरवलेलं नाही. अर्बनची ८ लाखांची पावती नोव्हेंबरात संपते, ती तिथे रिन्यू करणार नाहीत, दुसऱ्या सरकारी बँकेत दोघांच्या नावाने करणार. पाच लाखांचा विमा त्यांना माहीत होता, तरी एकाच नावावर १८ का ठेवले म्हटल्यावर "मॅनेजर ओळखीचा आहे" म्हणाले.

ट्रकवाला_साखळी

पाच म्हणजे पाच. हो म्हणाला हेच खूप. पत्राचं काय केलं त्याने?

माटोळी

पंच मारून पावत्यांच्या फाइलला लावलं. ८ लाखांच्या पावतीच्या मागे.

फणसाचे_गरे

अभिनंदन! मी काल बँकेत गेलो होतो, उलट्या क्रमाने जॉइंट करायचं म्हटल्यावर काउंटरवरची बाई म्हणाली असं काही नसतं. @जुना_खातेदार तिला काय सांगू?